पाचशे रुपयांत पोरीला पंचवीस वर्षांची करून देणारे

पाचशे रुपये द्या, तुमची बारा वर्षांची मुलगी दहा मिनिटांत पंचवीस वर्षांची होते. ही थट्टा नाही. आमच्या तालुक्याच्या गावात बसस्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानांत हा धंदा उघड चालतो. मुलाचं गुगल खातं वयावरून अडकलं की बाप फोन घेऊन दुकानात येतो. दुकानदार कुणा मोठ्या माणसाच्या आधार कार्डाचा फोटो चढवतो, खातं उघडतं, बाप खुश, पोरगं खुश. आणि मग सगळे मिळून म्हणतात, "कंपन्यांची उगाच कटकट हो!"

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे, पण घरात आठ ते सतरा वयाचं मूल असेल तर शेवटपर्यंत वाचा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ते कुलूप तुमच्याकडे वय वाढवून मागत नाही. ते विचारतंय, "या मुलाचा पालक कोण?" आणि आपण उत्तर देतोय, "हे मूलच नाही." या एका खोट्या उत्तराची किंमत मूल भरतं, आणि ते उत्तर द्यायला आपल्याला भाग पाडणारे दुकानदारापेक्षा बरेच मोठे आहेत. त्यांच्याकडेही येतो.

आधी कुलूप लागतं कसं ते समजून घ्या.

भारतात स्वतःचं गुगल खातं स्वतः चालवायचं तर वय किमान तेरा लागतं. हा तेराचा आकडा आला कुठून? अमेरिकेत १९९८ साली मुलांच्या ऑनलाइन माहितीबद्दल कायदा झाला, २००० साली लागू झाला. तेराच्या आतल्या मुलाची माहिती गोळा करायची तर आईबापाची संमती घ्या, असं तो सांगतो. अमेरिकन कंपन्यांनी हाच आकडा जगभर नेला. आपल्या गावातल्या पोराचं जीमेल ज्या रेषेवर अडतं ती रेषा वॉशिंग्टनला आखलेली आहे. मला याचं दुःख नाही. रेषा कुठेतरी हवीच. पण ती कुणी कशासाठी आखली हे माहीत नसलं की ती आपल्याला नुसती अडवणूक वाटते.

आता आपल्याकडचा प्रकार बघा. २०२० साली लॉकडाऊन लागलं, शाळा फोनवर आली. दुसरी-तिसरीतल्या पोरांना रातोरात खाती काढून द्यावी लागली. आईबापाला जमेना, म्हणून दुकानदाराने काढून दिली. जन्मतारीख काय टाकली? जी सुचली ती. आपल्याकडे तर परंपराच आहे. आपल्या आईवडिलांच्या पिढीत निम्मा वर्ग १ जूनला जन्मलेला असायचा, कारण गुरुजींनी दाखल करताना तीच तारीख लिहिली. मोबाईलवाल्याने तेच केलं, फक्त साल असं टाकलं की मशीन काही विचारणार नाही.

अशी लाखो खोटी वयं घेऊन आपली मुलं इंटरनेटवर फिरतायत. कुलूप लागतं ते खरं वय कळतं तेव्हा. म्हणजे खोटं चालू असेपर्यंत सगळं सुरळीत, आणि कुणी खरं बोललं की खातं बंद! याच उलट्या हिशेबामुळे लोकांना वाटतं की खरं बोलणं हीच चूक.

एक उदाहरण सांगतो. मला जवळून माहीत असलेलं घर आहे, नावगाव मुद्दाम देत नाही. वडील एसटीत वाहक, आई अंगणवाडी सेविका, मुलगी सातवीत. घरी एक जुना टॅब, मुलीच्या हातात तोच. खातं २०२० मधलं, दुकानातून काढलेलं, जन्मतारीख १ जून १९९५. मुलगी हुशार. एकदा खात्याच्या माहितीत शिरली, स्वतःचं वय बघून खोखो हसली आणि वहीतली चूक दुरुस्त करावी तशी तारीख दुरुस्त केली. तेरा पूर्ण व्हायला पाच महिने बाकी होते.

लगेच पडद्यावर सूचना आली. हे खातं वयाच्या नियमात बसत नाही, चौदा दिवसांत व्यवस्था करा, नाहीतर ते बंद होईल. बंद झाल्यावरही काही केलं नाही तर पुढे माहिती पुसायला सुरुवात होते. सगळं इंग्रजीत. मुलीने घाबरून तारीख परत १९९५ करायचा प्रयत्न केला. होत नाही! एकदा खालचं वय नोंदलं गेलं की वर जायला पुरावा लागतो. तिने दोन दिवस घरी सांगितलंच नाही, वाटलं आपणच काहीतरी मोडलं. वडील मुक्कामी ड्युटीवर. ते आले, दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "पाचशे लागतील, आणि घरातल्या कुणाचं तरी आधार आणा. काकाचं चालेल." काकाने आधारचा फोटो दुकानदाराच्या व्हॉट्सॅपवर पाठवलासुद्धा. चढवायच्या आत आईने मला फोन केला. तोवर नऊ दिवस गेले होते.

त्या सूचनेत पुढे जायला दोन वाटा असतात, आणि सगळा खेळ या दोन वाटांचा आहे.

पहिली वाट म्हणते, "मी खरंच मोठा आहे, तारीख चुकून पडली." इथे सरकारी ओळखपत्र किंवा क्रेडिट कार्ड मागतात. ही वाट कुणासाठी? समजा एखाद्या आजीच्या खात्यात दुकानदाराने साल चुकीचं टाकलं आणि आजीबाई मशीनच्या लेखी नऊ वर्षांच्या झाल्या. त्यांनी स्वतःचं ओळखपत्र द्यावं, खातं सोडवून घ्यावं. ओळखपत्राची प्रतिमा वय पडताळल्यावर काढून टाकतो असं कंपनी सांगते. कार्ड दिलं तर किरकोळ रक्कम तात्पुरती अडकते आणि सुटते.

दुसरी वाट म्हणते, "मी लहान आहे, माझे पालक देखरेख करतील." यात आई किंवा वडील आपल्या खात्यातून मुलाचं खातं जोडून घेतात, संमती देतात, आणि खातं पालकांच्या देखरेखीखाली चालू राहतं. मेल, फोटो, शाळेच्या फायली जागच्या जागी. यासाठीच्या ॲपचं नाव Family Link. फुकट आहे.

बारा वर्षांच्या मुलीसाठी दुसरीच वाट आहे. मग आपलं अख्खं गाव पहिल्या वाटेने का जातं? कारण दुकानदाराला तीच येते, त्यातच पैसे आहेत, आणि दुसऱ्या वाटेला आईबाप जागेवर हजर लागतात.

पहिल्या वाटेने गेलं तर बिघडतं काय? मशीनच्या लेखी ती मुलगी आता प्रौढ बाई. प्रौढांसाठी म्हणून ठेवलेले व्हिडिओ तिला उघडतात. तिच्या बघण्या-शोधण्यावरून बेतलेल्या जाहिराती तिला दिसू लागतात. तेराच्या आतल्या खात्याला कंपनी अशा बेतलेल्या जाहिराती दाखवत नाही. यूट्यूबवर तिच्या नावाने व्हिडिओ चढवता येतो, त्याखाली कुणीही काहीही लिहू शकतो. उद्या काही वाईट घडलं आणि तुम्ही म्हणालात की ती लहान आहे, तर नोंदीत काकाचं वय पुराव्यासकट लागलेलं. शिवाय काकाच्या आधारचा फोटो दुकानदाराच्या फोनमध्ये कायमचा. तो तिथून कुठे जाईल, कुठल्या सिमकार्डाला लागेल, हे काकाला कधी कळणार?

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्या मुलीने खरं लिहिलं होतं. घरातल्या तीन मोठ्या माणसांनी आणि एका दुकानदाराने मिळून तिला शिकवलं असतं की खरं वय लिहिलं की शिक्षा होते. पुढे कुणी तिला ऑनलाइन त्रास दिला, तर ती घरी सांगेल?

आता त्या घरात पुढे काय केलं ते सांगतो, कारण इथेच गाडी अडते.

देखरेखीसाठी पालकाचं स्वतःचं खातं लागतं. पालक अठराच्या वरचा आणि त्याच देशातला हवा. आईकडे फोन होता, पण त्यात खातं वडिलांचं, तेही दुकानातूनच काढलेलं. पासवर्ड कुणालाच माहीत नाही, आणि त्याला जोडलेला नंबर बंद पडलेल्या सिमचा. दोन दिवस त्यातच गेले. शेवटी आईचं नवं खातं काढलं, तिच्या खऱ्या जन्मतारखेने, तिच्या चालू नंबरवर. पासवर्ड तिनेच ठरवला आणि घरच्या वहीत लिहिला.

मग मुलीची माहिती उतरवून घेतली. takeout.google.com या पानावर खात्यातले फोटो, मेल, फायली एकत्र बांधून मिळतात. चौदा दिवसांच्या आत हे करून ठेवायचंच. पुढे काही फसलं तरी फोटो गेले नाहीत एवढी खात्री राहते.

त्यानंतर मुलीच्या टॅबवर ती सूचना उघडली आणि पालकांची वाट निवडली. आईने टॅबवरच आपलं खातं टाकून संमती दिली, आणि मुलीनेही स्वतःचा पासवर्ड टाकून होकार दिला. चालू असलेलं खातं जोडताना मुलाचाही होकार लागतो, हे मला आवडलं. या टप्प्यावर पालकाच्या वयाचा पुरावा मागितला जाऊ शकतो. मागितला तर पालकाने स्वतःचाच द्यायचा, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या फोनवरून. दुकानाच्या व्हॉट्सॅपवरून नाही.

शेवटी कोणती ॲप राहतील ते आई आणि मुलीने शेजारी बसून ठरवलं. यूट्यूबसाठी पालकाला पायऱ्या निवडता येतात. एक साधारण नऊच्या पुढच्या मुलांसाठी, एक तेराच्या पुढच्यांसाठी, आणि एक जिच्यात प्रौढांचं सोडून बहुतेक सगळं येतं. आईने मधली निवडली, कारण मुलगी विज्ञानाचे व्हिडिओ बघते आणि पहिल्या पायरीत तिचे दोन-तीन आवडते चॅनेल दिसेनात. मला हा निर्णय योग्य वाटला. देखरेख म्हणजे सगळ्यात आवळलेली गाठ नव्हे, आपल्या मुलाला ओळखून घातलेली गाठ.

खातं बाराव्या दिवशी सुटलं. प्रत्यक्ष काम पाऊण तासाचं. बाकी दिवस गेले ते भीतीत, ड्युटीत आणि हरवलेल्या पासवर्डात.

आता देखरेखीत काय मिळतं आणि काय मिळत नाही. गावात दोन टोकाचे समज आहेत. एक म्हणतो, यात मुलाचं सगळं दिसतं. दुसरा म्हणतो, याने काहीच होत नाही. दोन्ही चूक. रोजचा वेळ ठरवता येतो, रात्री ठरल्या वेळी फोन बंद करता येतो, नवं ॲप घ्यायला मुलाची विनंती पालकाकडे येते, फोन कुठे आहे ते दिसतं. मुलाचे मेल वाचता येत नाहीत, व्हॉट्सॅपवरच्या गप्पा दिसत नाहीत, पडदा दुरून बघता येत नाही. ज्याला पोरावर हेरगिरी करायची आहे त्याच्या हे कामाचं नाही, आणि नसावंच.

फसतं कुठे तेही सांगतो. बाप दर वेळी विनंती मंजूर करायला कंटाळतो आणि आपला पासवर्ड पोरालाच सांगून टाकतो. झालं, देखरेख संपली. घरात विनंती न येता नवं ॲप दिसलं तर समजा पासवर्ड फुटला. मात्र ॲप घरात आधी कुणी मंजूर केलेलं असेल तर ते विनंतीशिवायही येऊ शकतं, त्यामुळे लगेच पोराला झोडपू नका, आधी बघा. दुसरं, तेराच्या आत देखरेख सुरू केली की ती मध्येच काढून खातं तसंच चालू ठेवता येत नाही. काढायची तर खातंच जातं. म्हणून घाईत कुणा शेजाऱ्याच्या खात्याला मूल जोडू नका.

इथपर्यंत आपल्या बाजूचं झालं. आता मोठ्यांकडे वळतो.

ही सगळी व्यवस्था कुणाला डोळ्यांसमोर ठेवून केली आहे? ज्या घरात आईचा वेगळा फोन, बापाचा वेगळा, मुलाचा वेगळा, प्रत्येकाचं खातं वेगळं आणि खिशात क्रेडिट कार्ड आहे, त्या घराला. आमच्याकडे एका फोनवर चार जण असतात. देखरेखीतल्या लहान मुलाचं खातं ज्या अँड्रॉइड फोनवर आहे तिथे दुसऱ्या माणसाचं गुगल खातं सोबत ठेवता येत नाही, शाळेचं खातं सोडून. म्हणजे घरात एकच फोन असेल तर योग्य वाट सुरू व्हायच्या आधीच बंद. अशा घराला माझा सल्ला सरळ आहे. मुलाचं वेगळं खातं सोडवायच्या मागेच लागू नका. माहिती उतरवून घ्या आणि खातं जाऊ द्या. आईच्या फोनवर YouTube Kids मध्ये मुलाचं वेगळं प्रोफाइल करता येतं, त्याला जीमेल लागत नाही. पण मूल आईच्या मुख्य खात्यावर मोकळं सोडू नका. तिथे आईचे फोटो, नंबर, बँकेचे मेल सगळं असतं.

पण हा सल्ला मी का द्यायचा? ती सूचना मराठीत, दोन सोप्या वाक्यांत, पालकांची वाट आधी आणि ठळक दाखवून का येत नाही? मूल लहान असल्याचं ज्या क्षणी कळतं त्या क्षणी कंपनी बोलते कुणाशी? त्याच मुलाशी! इंग्रजीत! आणि चौदा दिवसांचं घड्याळही त्याच क्षणापासून. बारा वर्षांच्या पोरीने कायदेशीर नोटीस वाचून आईबापाला समजावून सांगावी अशी अपेक्षा आहे. दुकानदाराचा धंदा याच फटीत उभा राहिला.

आणि आता सरकार. हे नीट वाचा, कारण आज जे काही घरांत घडतंय ते उद्या जवळजवळ प्रत्येक घरात घडणार आहे. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. त्यात मूल म्हणजे अठराच्या आतलं. तेरा नव्हे, अठरा. कलम ९ सांगतं, मुलाची माहिती वापरायची तर पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी, मुलांवर पाळत ठेवायची नाही, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडलं तर कंपनीला दोनशे कोटींपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीचा हा भाग त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्याच्या सुमारास लागू व्हायचा आहे. काही कामांना आणि संस्थांना सूट आहे, पण दहावी-बारावीतली पोरं सरसकट या जाळीत येतात.

कायद्याच्या हेतूला माझा पाठिंबा आहे. माझं भांडण पुराव्याशी आहे. नियम म्हणतो, जो स्वतःला पालक म्हणवतो तो प्रौढ आहे आणि त्याची ओळख पटते, एवढं कंपनीने तपासावं. त्यासाठी आधीपासून असलेली माहिती, पालकाने स्वतः दिलेली माहिती, किंवा डिजिलॉकरसारख्या ठिकाणाहून मिळणारं टोकन चालेल. परत वाचा. पुरावा वयाचा मागितलाय. नात्याचा नाही! कुणीही प्रौढ माणूस उभा राहून म्हणू शकतो की मी हिचा पालक. दुकानदारसुद्धा. आज तो पोरीला पंचवीस वर्षांची करतो, उद्या तो तिचा बाप होईल. दर पाचशेच राहील.

कुणी म्हणेल, मग नात्याचाही पुरावा मागा, जन्माचा दाखला मागा. मला ते नको आहे. प्रत्येक ॲपला प्रत्येक घराचे दाखले देत सुटलो तर मुलांची माहिती वाचवायच्या नावाखाली अख्ख्या कुटुंबाची माहिती कंपन्यांच्या हवाली होईल. शिवाय सगळ्याच मुलांचे आईबाप जवळ नसतात. बीडकडच्या ऊसतोड कामगारांची मुलं हंगामात सहा-सहा महिने आजीजवळ राहतात. कायद्यात पालक म्हणजे आईबाप किंवा कायदेशीर पालक. आजी जेवू घालते, शाळेत धाडते, आजारपण काढते, पण कागदावर ती कायदेशीर पालक नाही. ती मोबाईलवर संमती कशी देणार? तिथे पुन्हा दुकानच.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. कंपन्यांनी वयाची सूचना फोनच्या भाषेत द्यावी, पालकांची वाट पहिली ठेवावी, आणि चौदा दिवस पालकापर्यंत निरोप पोचल्यापासून मोजावेत. सरकारने डिजिलॉकरचं टोकन असं करावं की समोरच्याला फक्त "हा माणूस प्रौढ आहे" एवढंच कळेल, आधारची प्रत कुणाच्या हातात जाणार नाही. आपले सरकार सेवा केंद्रांवर हे काम ठरलेल्या शुल्कात आणि पालक समोर असतानाच व्हावं. आजीआजोबांजवळ राहणाऱ्या मुलांचं काय, याचं उत्तर नियम लागू व्हायच्या आधी यावं, नंतर नाही.

"मुलांना फोनच देऊ नका" असं सांगणारे आता खाली येतील. काका, शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर येतो, शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन, निकाल ऑनलाइन. फोन आपणच हातात दिला, २०२० मध्ये, कौतुकाने. आता तो काढून घेणं हे धोरण नव्हे, जबाबदारी झटकणं आहे.

आणि "इतरांची मुलं मजेत वापरतात, आमच्याच पोरीला का अडवायचं" म्हणणाऱ्या आईबापांना एवढंच, की अडकलेलं खातं हे तुमच्या मुलाबद्दल कुणाला तरी खरं कळल्याची खूण आहे. ज्यांची अडकली नाहीत त्यांची मुलं मोठी झालेली नाहीत.

जाता जाता कामाचं. अशी सूचना खरी की फसवी ते ओळखायचं सोपं आहे. खरी सूचना मुलाच्या खात्यात शिरल्यावर दिसते. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका, खातं स्वतः उघडून बघा. "मुलाचं खातं बंद होतंय, ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो चोर. पैसे गेलेच तर लगेच १९३० लावा. आणि इन्स्टाग्रामला हा देखरेखीचा उपाय लावायला जाऊ नका. तिथे तेराच्या आतल्या मुलाने स्वतः खातं चालवायला परवानगीच नाही, देखरेखीखालीसुद्धा नाही. तिथे बारा वर्षांच्या मुलाला थांबणं एवढंच आहे, आणि ते त्याला आपण सांगायचं असतं.

आज रात्री एक करा. घरातल्या प्रत्येक फोनमधल्या गुगल खात्याची जन्मतारीख बघा, स्वतःचीसुद्धा. मुलाचं साल चुकीचं असेल तर लगेच बदलू नका. आधी तुमचं खातं, तुमचा पासवर्ड, तुमचा चालू नंबर हाताशी ठेवा, मुलाची माहिती उतरवून घ्या, आणि मग मुलाला शेजारी बसवून तारीख खरी करा. शिक्षकांनो, पुढच्या पालकसभेत दहा मिनिटं यावर द्या. दुकानदार मित्रांनो, तुम्ही ही पोस्ट वाचताय हे मला माहीत आहे. खातं जोडून द्यायचे शंभर रुपये खुशाल घ्या, पण पालक समोर बसवून. दुसऱ्याचं आधार चढवणं बंद करा.

कुणाच्या गावात यापेक्षा वेगळा अनुभव असेल तर खाली लिहा. मुलाचं नाव आणि आधारचा फोटो मात्र टाकू नका.